लहान मराठी बातमीसंग्रहावर स्किप-ग्रॅम : शब्द अखंड ठेवावा, शब्दांशांत मोजावा की प्रत्यय सुटे करावेत?

समजा, आपल्याकडे एखाद्या जिल्ह्यातील आठ हजार मराठी बातम्या आहेत आणि प्रत्येक बातमी सरासरी अडीचशे शब्दांची आहे. म्हणजे एकूण सुमारे 20 लाख शब्द झाले. या संग्रहातून प्रत्येक शब्दाचा सदिश, म्हणजे त्या शब्दाची जागा सांगणारी आकड्यांची यादी, तयार करायचा आहे आणि एखादा शब्द दिला की त्याचे जवळचे दहा शब्द मिळावेत, अशी अपेक्षा आहे. कोणी जुन्या बातम्यांचा शोध सुधारण्यासाठी हे करत असेल, तर कोणाला बातमीच्या भाषेचाच अभ्यास करायचा असेल. पद्धत निगेटिव्ह सॅम्पलिंगसह स्किप-ग्रॅम ही ठरलेली आहे. तिच्यात यंत्र एका शब्दावरून त्याच्या आसपासचे शब्द ओळखायला शिकते, आणि यादृच्छिक निवडलेले इतर शब्द 'नकारात्मक नमुने' म्हणून नाकारायला शिकते. टोमास मिकोलोव आणि त्यांच्या गूगलमधील सहकाऱ्यांनी ती 2013 मध्ये मांडली आणि लहान संग्रहासाठी ती आजही साध्या संगणकावर काही मिनिटांत चालते. निर्णय घ्यायचा आहे तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तो म्हणजे यंत्राने 'एक शब्द' कशाला म्हणायचे.

मराठीत या प्रश्नाला तीन उत्तरे आहेत. पहिल्या मार्गात 'सरकार', 'सरकारने' आणि 'सरकारच्या' हे तीन स्वतंत्र शब्द मानले जातात. दुसऱ्या मार्गात शब्द स्वतंत्रच राहतो, पण त्याचा सदिश त्यातील अक्षरतुकड्यांच्या सदिशांतून घडतो, त्यामुळे सारखे तुकडे असलेले शब्द एकमेकांना माहिती पुरवतात. तिसऱ्या मार्गात शिकवण्यापूर्वीच विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये सुटी केली जातात. तिन्ही मार्गांनी शेजारी शब्द मिळतात, परंतु त्या शेजाराचा अर्थ प्रत्येक वेळी वेगळा असतो. दुसऱ्या मार्गाची यादी पाहताच ती सर्वांत चांगली वाटते आणि नेमका तिथेच निर्णय चुकण्याचा धोका असतो, म्हणून या लेखात त्या मार्गाला अधिक जागा दिली आहे.

आधी मजकूर सारखा करून घ्यावा

तुलना न्याय्य व्हायची असेल, तर तिन्ही मार्गांना एकच स्वच्छ फाइल मिळाली पाहिजे. देवनागरीच्या बाबतीत पहिला अपघात इथेच होतो. पायथनच्या `re` मध्ये `\w` हे चिन्ह काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर मानत नाही. त्यामुळे `\w+` ने 'मराठी' या शब्दाचे 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे पडतात. जेन्सिममधील `simple_preprocess` हे सोयीचे फलनही याच नमुन्यावर चालते आणि एका अक्षराचे तुकडे टाकून देते, त्यामुळे 'मराठी'चा केवळ 'मर' उरतो. शिकवणी कोणतीही तक्रार न करता पूर्ण होते. शेजारी शब्द तपासताना सगळीकडे मात्राहीन, दोन-तीन अक्षरांचे शब्द दिसू लागले, तर दोष प्रतिमानात नसून येथे आहे, हे ओळखावे.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. 'शेतकऱ्यांना' या शब्दातला अर्धा 'ऱ' दोन प्रकारे टंकलेला आढळतो, एक म्हणजे 'ऱ' व हलन्त, आणि दुसरा म्हणजे 'र', हलन्त व त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्रासाठी ते दोन शब्द आहेत. 'ॲ' या अक्षराचेही तसेच आहे आणि तेथे युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण पुरत नाही, बदल हाताने सांगावा लागतो.

```python
import re, unicodedata

SHABD = re.compile(r'[\u0900-\u0963\u0971-\u097F]+')

def tukde(ol):
    ol = unicodedata.normalize('NFC', ol)
    ol = ol.replace('\u0930\u094d\u200d', '\u0931\u094d')
    ol = ol.replace('\u0905\u0945', '\u0972')
    ol = re.sub('[\u200c\u200d]', '', ol)
    return SHABD.findall(ol)
```

हा कोड रोमन अक्षरे आणि आकडे गाळतो, जे शेजारी शब्दांसाठी बहुधा योग्यच आहे. बातम्यांत विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टंकण्याची सवयही मोठी आहे. 'दु:ख' असे टंकले असेल, तर त्याचे 'दु' आणि 'ख' असे दोन शब्द होतात. शब्दाच्या मध्ये आलेला असा अपूर्णविराम आधीच विसर्गात बदलावा. 'स्वत:', 'विशेषत:' यांसारखे शेवटी येणारे शब्द मात्र यादी करूनच दुरुस्त करावे लागतात, कारण बातमीच्या सुरुवातीच्या 'मुंबई:' मधला अपूर्णविराम खराच असतो. 'हेही वाचा' सारख्या ठरलेल्या ओळी आणि दोनदा साठवली गेलेली एकच बातमी काढून टाकावी. 20 लाख शब्दांच्या संग्रहात एका बातमीच्या चाळीस प्रती शिल्लक राहिल्या, तर तिच्यातील शब्द एकमेकांचे जिवलग शेजारी झालेले दिसतील.

पहिला मार्ग : अखंड शब्द

फास्टटेक्स्ट हे एकच साधन वापरून पहिले दोन मार्ग शेजारी-शेजारी चालवता येतात, आणि माझी तीच शिफारस आहे, कारण मग दोन्हींत फरक उरतो तो केवळ शब्दांशांच्या पर्यायांचा. दोन वेगळी साधने घेतल्यास आतले तपशील नकळत बदलतात. उदाहरणार्थ, मूळ वर्ड-टू-व्हेकमध्ये नकारात्मक नमुना निवडताना शब्दाच्या वारंवारतेचा 0.75 हा घातांक घेतला जातो, तर फास्टटेक्स्टमध्ये वर्गमूळ घेतले जाते. म्हणजे दहा हजार वेळा आलेला शब्द दहा वेळा आलेल्या शब्दाच्या तुलनेत पहिल्या साधनात सुमारे 178 पट, तर दुसऱ्यात सुमारे 32 पट अधिक वेळा नकारात्मक नमुना म्हणून निवडला जातो. अशा फरकाचे श्रेय वा दोष चुकून 'शब्दांशां'ना दिले जाऊ नयेत.

```
./fasttext skipgram -input batmya.txt -output akhand \
  -minn 0 -maxn 0 -dim 100 -ws 5 -neg 10 -epoch 20 -minCount 5

./fasttext skipgram -input batmya.txt -output shabdansh \
  -minn 3 -maxn 6 -bucket 500000 -dim 100 -ws 5 -neg 10 -epoch 20 -minCount 5

./fasttext nn shabdansh.bin 10
```

अखंड शब्दाच्या मार्गाची मर्यादा साध्या हिशेबाने कळते. खिडकी, म्हणजे शब्दाच्या प्रत्येक बाजूला पाहायचे अंतर, पाच शब्दांची ठेवली, तरी प्रत्यक्षात ती दर वेळी एक ते पाच यांदरम्यान यादृच्छिक निवडली जाते, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून सरासरी सहा संदर्भशब्द मिळतात. पाच वेळा आलेल्या शब्दाला एका फेरीत जेमतेम तीस जोड्या मिळतात आणि तेवढ्यावरून शंभर आकडे ठरवायचे असतात. वीस फेऱ्या केल्याने जोड्यांची संख्या सहाशे होते, पण संदर्भ तेच पाच राहतात. त्यात मराठीची रूपविपुलता आली. 'शेतकरी' हा शब्द संग्रहात सर्व रूपांत मिळून तीनशे वेळा आला असेल, तर ते तीनशे 'शेतकऱ्यांना', 'शेतकऱ्यांच्या', 'शेतकऱ्यांनी', 'शेतकऱ्यांसाठी', 'शेतकऱ्याने' अशा डझनभर रूपांत विभागले जातात. त्यांतील काही रूपे पाचाच्या आत राहून शब्दसूचीत येतच नाहीत, आणि जी येतात त्यांना 'आपण सगळे एकाच शब्दाची रूपे आहोत' हे कोणीही सांगितलेले नसते.

तरीही हा मार्ग मागासलेला म्हणून सोडून देऊ नये. रूपे वेगळी ठेवल्यामुळे एक माहिती टिकते, आणि ती बातमीच्या भाषेत फार मोलाची असते. 'ठाणे' हे शहराचे नाव आहे आणि पोलीस ठाण्याचेही. बातमीत शहर 'ठाणे' या मूळ रूपात पुष्कळ वेळा येते, जसे 'मुंबई, ठाणे, पालघर'. पोलीस ठाणे मात्र बहुतांशी 'ठाण्यात' या रूपात येते, कारण 'पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल' हा गुन्हेवार्तेचा ठरलेला साचा आहे. अखंड शब्दांच्या प्रतिमानात 'ठाणे' जिल्ह्यांच्या नावांकडे आणि 'ठाण्यात' हा शब्द 'गुन्हा', 'फिर्याद', 'तक्रार' यांच्याकडे ओढला जाणे स्वाभाविक आहे. व्याकरणाचा प्रत्यय येथे अर्थ वेगळा करण्याचे काम करतो. त्याचप्रमाणे 'मुंबईत'च्या शेजारी 'पुण्यात', 'नागपुरात' अशी रूपे येतात, कारण वाक्यात त्यांची जागा तीच असते. वारंवार येणाऱ्या शब्दांपुरते बोलायचे, तर या मार्गाने दाखवलेला शेजार हा निखळ संदर्भातून आलेला असतो. स्पेलिंगचा त्यात काहीही वाटा नसतो, आणि हा गुण पुढे निर्णयाच्या वेळी महत्त्वाचा ठरतो.

दुसरा मार्ग : शब्दांश

2016 मध्ये पुढे आलेल्या या पद्धतीत शब्दाच्या दोन्ही टोकांना `<` आणि `>` लावून तीन ते सहा चिन्हांचे सर्व सलग तुकडे पाडले जातात. शब्दाचा सदिश म्हणजे त्याचा स्वतःचा सदिश आणि या तुकड्यांचे सदिश यांची सरासरी असते. येथे 'चिन्ह' म्हणजे युनिकोडचे चिन्ह, आपण ज्याला अक्षर म्हणतो ते नव्हे. 'का' ही दोन चिन्हे होतात आणि 'ष्ट्र' ही पाच. त्यामुळे तीन चिन्हांचा तुकडा मराठीत बऱ्याचदा दीड-दोन अक्षरांचाच असतो आणि तो मात्रेपासूनही सुरू होऊ शकतो.

'सरकार' या शब्दाचे असे 14 तुकडे होतात. त्यांतील 10 तुकडे 'सरकारने' या रूपातही जसेच्या तसे आहेत. 'सहकार' या निराळ्या शब्दाशी मात्र त्याचे केवळ 3 तुकडे जुळतात, ते म्हणजे `कार`, `ार>` आणि `कार>`. येथे पद्धत अपेक्षेप्रमाणे काम करते. शिकवणीत 'सरकार'ला जे कळले, त्याचा मोठा भाग 'सरकारने'ला आपोआप मिळतो, आणि शब्दसूचीत नसलेल्या 'सरकारनेसुद्धा'लाही समंजस सदिश मिळतो.

'पाणी' हा शब्द घेतला, की चित्र बदलते. त्याचे 10 तुकडे होतात. प्रत्ययापूर्वी सामान्यरूप होऊन 'पाण्या' झाल्यामुळे 'पाण्याने' या रूपाशी त्यांतले केवळ 3 जुळतात, ते म्हणजे `<पा`, `पाण` आणि `<पाण`. आता 'राणी' पाहावा. त्याच्याशीही 3 तुकडे जुळतात, `ाणी`, `णी>` आणि `ाणी>`. म्हणजे तुकड्यांच्या दृष्टीने 'पाण्याने' आणि 'राणी' हे 'पाणी'ला सारखेच जवळचे आहेत! त्याहून अवघड उदाहरण 'पक्ष' या शब्दाचे आहे. त्याच्या 10 तुकड्यांपैकी 6 'पक्षाने' या रूपात आहेत आणि तेच 6 'पक्षी' या शब्दातही आहेत. राजकीय पक्ष आणि झाडावरचा पक्षी यांत फरक करण्याची जबाबदारी मग सर्वस्वी संदर्भांवर पडते. 'पक्ष' हजारो वेळा येतो, त्यामुळे तो ती पार पाडतो. 'पक्षी' एखाद्या अभयारण्याच्या बातमीत सात वेळा आला असेल, तर तो राजकारणाच्या शेजारी जाऊन बसण्याची शक्यता मोठी आहे.

याचा अर्थ असा, की हा मार्ग ज्या शब्दांचे सामान्यरूप फारसे बदलत नाही त्यांना चांगला पावतो. 'सरकार', 'निवडणूक', 'न्यायालय', 'मुंबई' आणि बहुसंख्य लांब संस्कृतोद्भव किंवा इंग्रजीतून आलेले शब्द या गटात येतात. 'पाणी', 'रस्ता', 'पुणे', 'ठाणे' या आखूड आणि रूप पालटणाऱ्या शब्दांना तो तोकडा पडतो. बातम्यांतले विशेषनाम लांब असेल, तर फायदा आणखी वाढतो, कारण आडनावाला 'यांनी'ऐवजी थेट प्रत्यय लागलेली दुर्मीळ रूपेही ओळखली जातात.

व्यवहारातील एक गोष्ट येथेच सांगतो. `-bucket` म्हणजे तुकड्यांचे सदिश ठेवण्यासाठीच्या खणांची संख्या, आणि तिचे मूळ मूल्य 20 लाख आहे. शंभर परिमाणे आणि प्रत्येक आकड्याला चार बाइट धरले, तर केवळ तुकड्यांचीच फाइल सुमारे 800 एमबीची होते, जी एवढ्या लहान संग्रहासाठी निरर्थक आहे. पाच लाखांवर ती 200 एमबी होते. फार कमी केल्यास वेगवेगळे तुकडे एकाच खणात पडू लागतात.

तिसरा मार्ग : प्रत्यय सुटे करणे

हा मार्ग मराठी व्याकरण जाणणाऱ्याला सर्वांत आधी सुचतो. 'ने', 'ला', 'चा', 'च्या', 'त', 'मध्ये', 'साठी', 'वर', 'कडून' यांची यादी करावी आणि शब्दाच्या शेवटी यांपैकी काही आढळल्यास ते सुटे करावे. पण एवढेच केले, तर 'महिला'चे 'महि' आणि 'ला' होतात, 'चर्चा'चे 'चर्' आणि 'चा' होतात. म्हणून उरलेला भाग संग्रहात स्वतंत्र शब्द म्हणून आला असेल तरच तोडावे, अशी अट घालावी लागते. या अटीने 'महिला' आणि 'चर्चा' वाचतात, 'भारत' मात्र वाचत नाही, कारण 'भार' हा शब्द बातम्यांत खरोखरच येतो. असे अपवाद हातानेच टिपावे लागतात, आणि ते शोधण्याचा सोपा उपाय म्हणजे सर्वाधिक वेळा तोडले गेलेले पाचशे शब्द छापून एकदा शांतपणे वाचणे.

खरी गुंतागुंत सामान्यरूपाची आहे. 'पाण्याने'मधून 'ने' काढल्यावर 'पाण्या' उरते, तो शब्द संग्रहात स्वतंत्रपणे येत नाही. तेथे उलट नियम लावावे लागतात. शेवटी '्या' असेल, तर 'ी', 'ा' किंवा 'े' लावून पाहावे आणि संग्रहात जे सापडेल ते घ्यावे. याने 'पाण्या'चे 'पाणी', 'रस्त्या'चे 'रस्ता' आणि 'पुण्या'चे 'पुणे' होते. 'शाळे'चे 'शाळा' करणारा वेगळा नियम लागतो. 'विहिरीत'मधून 'विहीर' काढायचे, तर ऱ्हस्व-दीर्घही पालटावे लागते. अशा दहा-बारा नियमांनी बरेचसे काम होते आणि 'शेतकरी'ची सर्व तीनशे उदाहरणे एकाच सदिशामागे उभी राहतात. लहान संग्रहात दुर्मीळ शब्दांना यापेक्षा मोठी मदत दुसरी नाही.

किंमत मात्र 'ठाणे' मोजते. 'ठाण्यात'चे 'ठाणे' झाले, की शहर आणि पोलीस ठाणे यांचा एकच सदिश होतो आणि त्याच्या शेजारी 'पालघर' व 'फिर्याद' एकत्र दिसू लागतात. पहिल्या मार्गाने जे वेगळे ठेवले होते, ते येथे मिसळते. आणखी एक तपशील विसरू नये. सुटे केलेले प्रत्यय वाक्यात तसेच ठेवले, तर ते पाच शब्दांच्या खिडकीतील जागा अडवतात आणि शेजारचे आशययुक्त शब्द खिडकीबाहेर जातात. त्यामुळे ते टाकून तरी द्यावेत किंवा खिडकी वाढवावी. आशयाचा शेजार हवा असेल, तर टाकून देणे मला बरे वाटते.

विरळीकरणाविषयी थोडेसे

तिन्ही मार्गांना लागू असलेल्या पर्यायांपैकी एकावरच थांबतो, कारण तेथे मोठ्या संग्रहासाठीचा सल्ला लहान संग्रहाला बाधतो. 'आहे', 'आणि', 'या' हे अतिवारंवार शब्द शिकवताना काही प्रमाणात गाळले जातात आणि त्याची मर्यादा `-t` ने ठरते. मोठ्या संग्रहासाठी ती 0.00001 ठेवण्याचा सल्ला मूळ मांडणीत आहे. आपल्या 20 लाखांत दोनशे वेळा आलेला, म्हणजे चांगला आशयाचा शब्द, या मर्यादेने सुमारे 42 टक्केच उरतो, म्हणजे दोनशेपैकी सुमारे 83. फास्टटेक्स्टच्या मूळ 0.0001 या मूल्याने तो पूर्ण उरतो. लहान संग्रहात तेच मूल्य राहू द्यावे. नकारात्मक नमुन्यांची संख्या लहान संग्रहासाठी 5 ते 20 यांदरम्यान असावी, असे मूळ मांडणी सांगते, म्हणून वर 10 घेतले आहेत.

शेजारी शब्द तपासताना

शिकवणी संपली, की माणूस साहजिकच 'मुख्यमंत्री' हा शब्द देऊन पाहतो. 'उपमुख्यमंत्री', 'गृहमंत्री', 'मंत्री' ही यादी येते आणि काम साधले असे वाटते. ही तपासणी मी ग्राह्य धरत नाही. हा शब्द सर्वाधिक वारंवार येणाऱ्यांपैकी आहे, आणि शब्दांशाच्या मार्गात ही यादी संग्रह न वाचताही मिळाली असती.

तपासणीचे शब्द शिकवणीपूर्वीच निवडून लिहून ठेवावेत. हजाराहून अधिक वेळा आलेले दहा, शंभर ते दोनशे वेळा आलेले दहा आणि दहा ते वीस वेळा आलेले दहा शब्द घ्यावेत. प्रत्येकाच्या दहा शेजाऱ्यांपुढे हाताने एक खूण करावी : त्याच शब्दाचे रूप, अर्थाने संबंधित, केवळ एकाच घटनेतून आलेला किंवा असंबद्ध. 'वाढ'च्या शेजारी 'घट' आणि 'पाठिंबा'च्या शेजारी 'विरोध' आले, तर ते असंबद्ध मानू नयेत. विरुद्धार्थी शब्द सारख्याच संदर्भात येतात आणि ही पद्धत संदर्भच मोजते. याउलट सर्वच शेजाऱ्यांचे कोसाइन, म्हणजे सदिशांच्या जवळिकीचे माप, 0.99 च्या घरात असेल, तर सदिश अजून एकमेकांपासून वेगळेच झालेले नाहीत, असे समजून फेऱ्या वाढवाव्यात.

यानंतरची पायरी मला सर्वांत आवश्यक वाटते. संग्रहातील सर्व शब्दांची जागा यादृच्छिक बदलून त्याच पर्यायांनी पुन्हा शिकवावे.

```
tr -s ' ' '\n' < batmya.txt | shuf | xargs -n 20 > ghuslele.txt
```

या फाइलमध्ये प्रत्येक शब्द तितक्याच वेळा येतो, पण कोणताही संदर्भ उरत नाही. अखंड शब्दांचे प्रतिमान यावर निरर्थक शेजारी देते, आणि तसेच व्हायला हवे. शब्दांशाचे प्रतिमान मात्र येथेही 'मुख्यमंत्री'ला 'उपमुख्यमंत्री' आणि 'पक्ष'ला 'पक्षी' देऊ शकते, कारण सामायिक तुकडे तर तसेच आहेत. आता खऱ्या संग्रहाची यादी आणि या घुसळलेल्या संग्रहाची यादी शेजारी ठेवावी. दोन्हींत असलेले शेजारी स्पेलिंगने दिलेले आहेत. केवळ खऱ्या संग्रहातच दिसणारे शेजारी तुमच्या बातम्यांनी शिकवलेले आहेत, आणि मोजायचे ते तेवढेच. दुर्मीळ शब्दांच्या गटात दहापैकी आठ शेजारी दोन्हींत सारखे निघाले, तर त्या शब्दांबाबत प्रतिमान संग्रहातून जवळजवळ काहीच शिकलेले नाही, मग यादी कितीही सुबक दिसो.

स्थिरतेची तपासणी करताना हीच सावधगिरी बाळगावी. मारिया अँटोनियाक आणि डेव्हिड मिम्नो यांनी 2018 मध्ये दाखवून दिले, की लहान संग्रहात शेजारी शब्दांच्या याद्या कोणते लेख समाविष्ट आहेत यावर बऱ्याच हलतात. त्यामुळे संग्रहातून परत-परत निवड करून अनेक प्रतिमाने शिकवावीत आणि त्यांवरून निष्कर्ष काढावा, अशी त्यांची सूचना आहे. आठ हजार बातम्यांतून पुनरावृत्तीसह आठ हजार बातम्या निवडून असे दहा संच करावेत आणि शेजारी किती संचांत टिकतो ते पाहावे. अखंड शब्दांच्या दुर्मीळ गटात याद्या मोठ्या प्रमाणात बदलतील. शब्दांशांच्या याद्या पुष्कळ स्थिर दिसतील, पण त्या स्थिरतेत स्पेलिंगचा वाटा आहे, कारण तुकड्यांची जुळणी कोणत्याही निवडीने बदलत नाही. म्हणून आधी घुसळलेल्या यादीतील शेजारी वजा करावेत आणि मगच उरलेल्यांची स्थिरता मोजावी. हा क्रम उलटा झाला, तर शब्दांशांचा मार्ग प्रत्येक वेळी जिंकतो आणि तुलनेला अर्थ राहत नाही.

कोणी काय निवडावे

जुन्या बातम्यांचा शोध सुधारायचा असेल, म्हणजे वाचकाने 'शेतकरी' टंकल्यावर 'शेतकऱ्यांसाठी' असलेली बातमीही मिळावी एवढाच हेतू असेल, तर शब्दांशांचा मार्ग घ्यावा. तेथे स्पेलिंगची जवळीक हा दोष नाही, तीच हवी आहे, आणि शब्दसूचीबाहेरचा शब्द आला तरी यंत्रणा अडत नाही. फक्त एक बंधन घालावे. चुकीचा टंकलेला, निरर्थक शब्द दिला तरी हे प्रतिमान आत्मविश्वासाने दहा शेजारी देते, म्हणून शब्दसूचीत नसलेल्या शब्दासाठी कोसाइनची किमान मर्यादा ठेवावी. 'पाणी' आणि 'रस्ता' यांसारख्या रूप पालटणाऱ्या पन्नास-शंभर शब्दांची रूपे हाताने जोडून दिल्यास उरलेली उणीव बरीच भरून निघते.

बातमीच्या भाषेचा अभ्यास हा हेतू असेल, जसे 'आंदोलन' हा शब्द या जिल्ह्यात कोणत्या शब्दांसोबत वावरतो, तर अखंड शब्द घ्यावेत आणि शंभराहून कमी वेळा आलेल्या शब्दांविषयी विधान करू नये. 20 लाख शब्दांत या अटीने अभ्यासाचा आवाका लहान होतो, पण जे हाती लागते ते संदर्भाचेच असते. अभ्यास विषयवार शब्दसमूहांचा असेल, 'ठाणे' सारखे द्वयर्थी शब्द त्यात कमी असतील आणि तोडलेल्या शब्दांची यादी वाचून दुरुस्त करायला दोन-तीन दिवस देता येत असतील, तर प्रत्यय सुटे करण्याचा मार्ग त्याहून सरस आहे. तेवढा वेळ नसेल, तर तो अजिबात स्वीकारू नये. 'भारत'चा 'भार' झालेला संग्रह न तोडलेल्या संग्रहापेक्षा वाईट असतो.

केवळ सर्वसाधारण मराठी शब्दसदिश हवे असतील, तर या तिन्हींपैकी काहीही करण्याची गरज नाही. फास्टटेक्स्टने 157 भाषांसाठी दिलेल्या संचात मराठी आहे, आणि पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने मोठ्या मराठी संग्रहावर शिकवलेला महाएफटी हा संच खुला केलेला आहे. त्यांचे शेजारी तुमच्या आठ हजार बातम्यांविषयी काही सांगणार नाहीत. तुमच्या संग्रहाच्या यादीशेजारी ते ठेवले, तर 'ठाण्यात' हा शब्द तुमच्या जिल्ह्यात कुठे वेगळा वागतो ते मात्र दिसेल.